कप हातात घेतला की हात थरथरतो: टेन्शन, थायरॉइड की आणखी काही?

कपबशी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वय ४७, इंदूरला रामबागेत राहते, शाळेत गणित शिकवते. दोनेक वर्षांपासून उजवा हात थरथरतो, डावाही थोडा. हात मांडीवर असले की काही नाही. चहाचा कप उचलला की सुरू होतं आणि कप ओठांजवळ येतो तेव्हा सर्वांत जास्त. बशीसकट धरला तर अशी खडखड होते की समोरचा बोलता बोलता थांबतो. लोकांकडे गेले की आमटी-सार चमच्याने पिणं सोडलंय. फळ्यावर मोठं अक्षर काढताना चालून जातं, पण मुलांच्या वह्यांवरची माझी सही नागमोडी येते.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. प्रोप्रॅनोलॉल १० ची गोळी दिली, बाहेर जायच्या तासभर आधी घ्यायला. घेतली की बराच फरक पडतो. त्यावर ते म्हणाले, बघा, टेन्शनच होतं. पण घरात कुणी नसताना, सकाळी एकटी चहा घेत बसले तरी हात हलतोच की!

मग नणंद म्हणाली थायरॉइड बघून घे. रिपोर्ट आला: टीएसएच ०.०६, फ्री टी४ २.४ (लॅबने वरची मर्यादा १.८ दिली आहे). म्हणजे थायरॉइड वाढलेला, म्हणून आता तो कमी करायचं कार्बिमाझोल सुरू करायचं चाललंय. माझ्या बाबांचाही हात उतारवयात असाच हलायचा आणि त्यांना थायरॉइड नव्हता. गोळ्या सुरू करण्याआधी कुणी अनुभवी माणसाने काही सांगितलं तर बरं होईल.

छप्पनवाले_भिया | सोमवार, रात्री १०:०५

ताई, शंभर टक्के टेन्शन. गोळीने थांबलं म्हणजे विषयच संपला. माझा मेव्हणा गणेशोत्सवात निवेदन करतो, माईक धरला की हात लटलट कापायचा. हीच गोळी घेतो, आता एकदम झकास. सकाळी अनुलोम-विलोम करा, कॉफी बंद करा. रिपोर्ट वगैरे लॅबवाल्यांचे धंदे.

मंगलाकाकू | सोमवार, रात्री १०:३०

अगं, माझ्याही हातून कप पडतात. दोन चांगले सेट फुटले. रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं. मला मनगटाला पट्टा दिलाय. तूही पट्टा लाव, स्वस्तात काम होईल.

नाडी_आणि_चहा | सोमवार, रात्री ११:१५

मी मेडिसिनचा डॉक्टर, आता प्रॅक्टिस बंद केली आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण दोन-तीन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मंगलाताई, तुमचं दुखणं वेगळं. तुमच्या मनगटात नस दाबली जाते आहे, त्याने पकड सुटते आणि मुंग्या येतात. कपबशीताईंची पकड घट्ट आहे, पण धरलेला हात हलतो. पट्ट्याचा त्यांना उपयोग नाही.

भिया, गोळीने बरं वाटलं म्हणून टेन्शन, हा तर्क इथे चालत नाही. घाबरल्यामुळे कापणारा हात प्रोप्रॅनोलॉलने शांत होतो. थायरॉइड वाढल्यामुळे कापणारा हातही त्याच गोळीने शांत होतो. आणि एसेन्शिअल ट्रेमर म्हणून जो तिसरा प्रकार आहे, बहुधा घराण्यातून येणारा, त्याचंही पहिल्या फळीतलं औषध हेच. एकच किल्ली तिन्ही कुलपांना लागते, त्यामुळे कुठलं कुलूप होतं ते उघडल्यावर कळत नाही. मेव्हण्यांना गुण आला याचा अर्थ मेव्हण्यांना गुण आला, इतकाच.

तुमचं एक म्हणणं मात्र खरं आहे. मन अस्वस्थ असलं की हात जास्त हलतो. पण हे तिन्ही प्रकारांत होतं. म्हणूनच एसेन्शिअल ट्रेमरवाल्या माणसाला वर्षानुवर्षं 'तुम्ही फार टेन्शन घेता' हे ऐकावं लागतं. चार लोकांत त्याचा कप जास्त हलतो हे सगळे बघतात, एकटा असतानाही हलतो हे कुणी बघत नाही.

ताई, तीन प्रश्न. एक, वजन कमी होतंय का? दोन, रात्री झोपेतून जाग आली तर छातीत धडधडतं का? तीन, केसांसाठी, नखांसाठी, 'ब्यूटी'साठी कुठली गोळी घेता का?

लष्करकर | मंगळवार, सकाळी ७:५०

ग्वाल्हेरहून. मला खराखुरा थायरॉइड झाला होता, ग्रेव्हज म्हणाले, म्हणून लिहिते. माझ्या हाताची थरथर वेगळीच होती. बारीक आणि जलद, हाताखाली मोटार चालू असावी तशी. कप कधीच सांडला नाही, पण सुईत दोरा जाईना, लिपस्टिक नीट लागेना. नवऱ्याने एकदा माझ्या पसरलेल्या हातांवर वर्तमानपत्राचं पान ठेवलं तर त्याच्या कडा फडफडत होत्या.

आणि नुसता हात नव्हता हो. दोन माणसांचं जेवायचे आणि तरी कपडे ढगळ होत गेले. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात सगळे शेगडीपाशी, आणि मी पंखा लावा म्हणून भांडायचे! तळहात गरम आणि ओले. रात्रीही छातीत ठोके ऐकू यायचे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत हात थांबला, नंतर कधी हलला नाही. कपबशीताई, तुमच्या लिहिण्यात यातलं काहीच दिसलं नाही म्हणून नवल वाटलं.

कपबशी | मंगळवार, दुपारी ३:२०

काका, वजन उलट दोन किलो वाढलंय. झोप छान लागते, धडधड नाही. घरच्या मशीनवर नाडी ७० च्या आसपास येते.

केसांची गोळी घेते, हो. केस फार गळत होते म्हणून पार्लरमधल्या मुलीने सांगितलेली बायोटिन. पाकिटावर १० एमजी लिहिलंय, रोज एक. पण ते तर व्हिटॅमिन आहे. डॉक्टरांनी कुठली औषधं चालू आहेत विचारलं तेव्हा बीपीची सांगितली. ही कुणी औषधात धरतं का?

नाडी_आणि_चहा | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

कुणीच धरत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

बायोटिनने शरीराला अपाय होत नाही, पण तपासणीला होतो. बऱ्याच लॅबची यंत्रं रक्तातला हार्मोन पकडायला बायोटिनचाच गळ वापरतात. रक्तात आधीच बायोटिन भरपूर असेल तर गळ अडकून बसतो. टीएसएच मोजायची पद्धत आणि फ्री टी४ मोजायची पद्धत एकमेकींच्या उलट्या आहेत, त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४ खोटा जास्त. दोन्ही चुका एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, म्हणून रिपोर्ट अगदी अस्सल वाढलेल्या थायरॉइडचा वाटतो. काही यंत्रांवर तर ग्रेव्हजची अँटिबॉडीही खोटी जास्त येते, म्हणजे संशय घ्यायला जागाच उरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरतं. तुमच्या एका गोळीत त्याच्या तीनशेपट आहे.

सगळीच यंत्रं फसतात असं नाही, त्यामुळे तुमचा रिपोर्ट चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. लष्करकरताईंनी खरी गोष्ट सांगितली, तिच्याशी तुमची ताडून बघितली तर कागद आणि माणूस जुळत नाहीत, एवढंच म्हणतो. डॉक्टरांना बायोटिनचं सांगा. तपासणीआधी निदान दोन दिवस गोळी बंद हवी, तुमचा डोस मोठा आहे तर चार-पाच दिवस बंद ठेवा आणि मग पुन्हा रक्त द्या. कार्बिमाझोल त्यानंतर ठरवता येईल. ते औषध विनाकारण घेण्यासारखं नाही, क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं.

आणि ती नाडी ७०: प्रोप्रॅनोलॉल घेतलेल्या दिवशी मोजली असेल तर तिला अर्थ नाही. ती गोळी नाडी दाबून ठेवते. न घेतलेल्या दिवशी, सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजा. भीतीने वाढलेली नाडी झोपेत उतरते. थायरॉइडची बहुधा झोपेतही चढलेलीच राहते.

छप्पनवाले_भिया | मंगळवार, रात्री ९:००

बायोटिनचं माहीत नव्हतं, मान गए. घरात ही बाटली आहेच, दाखवतो. पण काका, एक खात्रीची परीक्षा सांगतो. आमच्या ओळखीत एकांचे हात हलतात, दोन पेग घेतले की एकदम स्थिर. डॉक्टरांनी त्यांना एसेन्शिअल ट्रेमरच सांगितलंय. म्हणजे घेऊन बघायची, थांबला तर तेच.

नाडी_आणि_चहा | मंगळवार, रात्री ९:४५

निम्मं बरोबर. एसेन्शिअल ट्रेमरच्या पुष्कळ लोकांना थोड्या दारूने तात्पुरता उतार पडतो, आणि आम्ही इतिहास घेताना हे विचारतोही. पण सगळ्यांना पडत नाही. घाबरट माणसाचा हातही दोन पेगांनी थांबतो, तेव्हा परीक्षा म्हणून ती कुचकामी. शिवाय उतरली की हात आधीपेक्षा जास्त हलतो, मग माणूस सकाळीच बाटली शोधतो. घेऊन बघायचा सल्ला कृपया कुणाला देऊ नका.

भंवरकुआँ_२४ | बुधवार, रात्री १२:३०

मी एमपीपीएससीची तयारी करतो, वय २४. मॉक इंटरव्ह्यूमध्ये पाण्याचा ग्लास उचलला तर बोटं थरथरली, पॅनेलने बघितलं. खोलीवर असताना काही होत नाही. कॉफी दिवसाला पाच-सहा होतात, झोप चार तास. हे वाचून आता भीती वाटतेय की मलाही एसेन्शिअल ट्रेमर आहे.

नाडी_आणि_चहा | बुधवार, सकाळी ८:१५

फक्त पॅनेलसमोर होतं आणि खोलीवर नाही, हे तुझ्या बाजूचं आहे. प्रत्येकाच्या हातात बारीक थरथर असतेच, डोळ्याला दिसत नाही. भीती, कॉफी, जागरण, उपास, दम्याचा पंप यांनी ती मोठी होऊन दिसायला लागते. आधी कॉफी आणि झोप बघ.

पण ती खोलीवरही दिसायला लागली, वाढत गेली, तर तुझ्या वयात थायरॉइडबरोबर रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिनही बघायला सांग. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं आणि हात हलतात. तो विरळा आहे, पण औषधाने आवरता येतो, म्हणून चाळिशीच्या आतल्या माणसात तो नजरेआड करायचा नसतो.

दमेकरी | बुधवार, सकाळी १०:४०

पंपाचा उल्लेख आला म्हणून. मला दमा आहे, साल्ब्युटामॉलचे दोन पफ घेतले की अर्धा तास हात हलतो, मला सवय आहे. एकदा लग्नात भाषण होतं, तर ओळखीच्या केमिस्टने ही 'स्टेजची गोळी' हातावर ठेवली. रात्री असा दम लागला की नेब्युलायझर लावायला न्यावं लागलं. नंतर कळलं, दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालतच नाही. भिया, मेव्हण्याचं ठीक आहे, पण ही गोळी सरसकट सांगू नका.

छप्पनवाले_भिया | बुधवार, सकाळी ११:००

नोंद घेतली. मेव्हण्याला डॉक्टरांनीच दिली होती, एवढं माझ्या बाजूने.

कपबशी | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ८:३०

ताजी बातमी. बायोटिन बंद करून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.१, फ्री टी४ १.२. थायरॉइड ठीक! डॉक्टरांनी स्वतःच कार्बिमाझोलचा कागद फाडला. अंथरुणातली नाडीही, गोळी न घेतलेल्या दिवशीची, ६८ ते ७२.

म्हणजे आता टेन्शन की ते तिसरं, एवढंच उरलं. न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. जाताना काय घेऊन जाऊ?

नाडी_आणि_चहा | गुरुवार, रात्री ९:२०

छान झालं. जाताना शब्दांपेक्षा पुरावा न्या. दवाखान्यात कधी हात नेमका शहाण्यासारखा वागतो, कधी फारच हलतो.

घरी एकट्या असताना फोन समोर टेकवून ठेवा आणि चित्रण करा. आधी दोन्ही हात मांडीवर ढिले सोडून, मनात १०० पासून सात-सात वजा करत बसा. पार्किन्सनचा हात अशा वेळी मांडीवरच हलायला लागतो. गणिताच्या बाई आहात, तुम्हाला ते फारच सोपं जाईल, तेव्हा सतराचा पाढा उलटा म्हणा. मग हात समोर सरळ धरा, जरा वेळ धरूनच ठेवा. मग पाऊण भरलेला पेला उचलून ओठांपर्यंत न्या, आणि एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओता. दोन्ही हातांनी वेगवेगळं.

कोऱ्या कागदावर आतून बाहेर जाणारं जिलबीसारखं वळण काढा, पण तळहात कागदाला टेकू न देता. टेकला की थरथर लपते. उजव्याने एक, डाव्याने एक. खाली एक वाक्य लिहा. एसेन्शिअल ट्रेमरमध्ये अक्षर मोठं आणि लाटांचं येतं, पार्किन्सनमध्ये लिहिता लिहिता बारीक होत जातं.

त्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. तुम्ही ती लागेल तशी, अधूनमधून घेता म्हणून हे सांगतो. रोज घेणाऱ्याने ती अशी एकदम तोडायची नसते. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, या वेळी पार्लरच्यासुद्धा. पित्ताच्या गोळीत लेवोसल्पिराइड आहे का तेही बघा, त्यानेही हात हलतात आणि लोक ती महिनोन्महिने खात असतात.

लष्करकर | गुरुवार, रात्री १०:०५

काका, 'टेन्शन नाहीच' असं कुठल्या तपासणीत कळतं का? थायरॉइडला निदान आकडा तरी आहे.

नाडी_आणि_चहा | गुरुवार, रात्री १०:३०

नाही. टेन्शनलाही नाही आणि एसेन्शिअल ट्रेमरलाही नाही. रक्त, एमआरआय, काहीच 'हेच ते' सांगत नाही. हात कधी हलतो, कुठल्या टप्प्यावर, किती वर्षं, घरात आणखी कुणाचा, हे बघून ठरवावं लागतं. सौम्य असताना तर दोन्हींचं रूप इतकं सारखं असतं की अनुभवी न्यूरोलॉजिस्टही 'सहा महिन्यांनी बघू' म्हणतात.

कपबशी | त्यानंतरचा मंगळवार, संध्याकाळी ७:१५

जाऊन आले. चित्रण त्यांनी शांतपणे बघितलं, ओठांजवळचा भाग दोनदा. मग स्वतःचं बोट समोर धरून, नाकाला आणि बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगितला. मधे हात ठीक, बोटाजवळ पोचताना हेलकावे. मनगट, कोपर फिरवून ताठरपणा बघितला, नाही म्हणाले. एका रेषेत पाऊल टाकून चालवलं. वळणाचा कागद उजेडात धरून दाखवला: लाटा सगळीकडे सारख्या नव्हत्या, एकाच तिरक्या दिशेत जास्त उठल्या होत्या. एसेन्शिअल ट्रेमरमध्ये असं दिसतं म्हणे.

त्यांचं मत तेच पडलं. पण कागदावर 'संभाव्य' लिहिलंय. व्याख्येप्रमाणे तीन वर्षं व्हायला हवीत आणि मला दोनच झालीत. या काळात चालण्यात, बोलण्यात वेगळं काही आलं तर नाव बदलू शकतं. बाबांचं विचारलं, माझ्या भावाचाही हात बघून घ्या म्हणाले. भाऊ मानायला तयार नाही, 'माझं कॉफीमुळे आहे' म्हणतो.

औषधाचं, रोज घ्यायची गरज आत्ता नाही. शाळेत, समारंभाला लागेल तेव्हा प्रोप्रॅनोलॉल, दमा नाही आणि नाडी चांगली आहे म्हणून. पूर्ण थांबणार नाही, कमी होईल, हे स्पष्ट सांगितलं.

मंगलाकाकू | मंगळवार, रात्री ८:००

चला, निकाल लागला. मग आता कप कसा धरतेस गं?

कपबशी | मंगळवार, रात्री ८:२५

बशी बंद केली, काकू. जाड बुडाचा मग, दोन्ही हातांत, कोपरं टेबलाला टेकवून. आणि पाऊणच भरते. बाहेर टपरीवर कट चाय मात्र आरामात जमते, ग्लास मुळात अर्धाच असतो.

छप्पनवाले_भिया | मंगळवार, रात्री ८:४०

मी अजूनही म्हणतो, निम्मं टेन्शनच आहे. पण अनुलोम-विलोमने नुकसान तर नाही ना, काका?

नाडी_आणि_चहा | मंगळवार, रात्री ९:१०

नुकसान नाही. वर चढलेला भाग उतरेल, मुळातला राहील.

आजोबांचा_नातू | बुधवार, सकाळी ९:३०

धागा उशिरा बघितला. आजोबा ७१, एसेन्शिअल ट्रेमर बरीच वर्षं, दमाही आहे, म्हणून प्रोप्रॅनोलॉल बाद. डॉक्टरांनी प्रायमिडोन लिहून दिलंय, चतुर्थांश गोळी रात्री. मला दुकानात २५० चीच मिळाली आणि तिचे चार तुकडे करताना चुरा होतो. कुठला तुकडा मोठा, कुठला छोटा. अंदाजाने दिलं तर चालेल का?

नाडी_आणि_चहा | बुधवार, सकाळी ११:००

पहिल्या डोसला अंदाज नको. या औषधाचा पहिला डोस कधी कधी जोरात लागतो, थोडासा असला तरी चक्कर, मळमळ, झोकांड्या. दमेकऱ्याला हा पर्याय ठीक आहे, पण ७१ वर्षांचा माणूस रात्री लघवीला उठताना पडला तर हाताची थरथर बाजूलाच राहील. केमिस्टकडे गोळी कापायची डबी मिळते, ती घ्या. तरीही चुरा झाला तर डॉक्टरांना फोन करून विचारा, कमी ताकदीची मागवता येईल का. पहिल्या रात्री त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपा.

आजोबांचा_नातू | बुधवार, सकाळी ११:२०

डबी आजच आणतो. खोलीत मीच झोपतो, घोरतात पण चालेल.